डीपीत जमीन आरक्षित असेल तर: 127 ची नोटीस, मोबदला आणि आरक्षणमुक्ती, टप्प्याटप्प्याने

शाळा, बाग, क्रीडांगण, भाजी मंडई. विकास योजनेच्या, म्हणजे डीपीच्या, नकाशावर आपल्या गटावर अशा कशाचा तरी रंग चढलेला असतो, पालिका जमीन घेत नाही, पैसे देत नाही आणि बांधकाम परवानगीही देत नाही. अशा मालकांच्या फायली मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. बहुतेकांचा हक्क पक्का असतो. घोळ होतो तो तारखांचा आणि अर्जातल्या शब्दांचा. कोणी दहा वर्षे पुरी होण्याआधीच नोटीस देतो, कोणी नोटीस द्यायच्या जागी "कृपया आरक्षण उठवावे" असा विनंती अर्ज देतो, तर कोणी मधल्या काळात टीडीआरच्या, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या हस्तांतरणीय विकास हक्काच्या, कागदावर सही करून बसतो. पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या मालकांसाठी आहेत. त्यांचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा आहे. त्याच्या कलम 127 नुसार योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांतही संपादन सुरू झाले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा 1: आधी आरक्षणाची जन्मतारीख शोधा

सगळा हिशेब अंतिम विकास योजना अंमलात आल्याच्या तारखेपासून चालतो. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली ती तारीख येथे कामाची नाही, आणि शासनाने मंजुरीच्या अधिसूचनेवर सही केली तीही नाही. मंजुरीच्या अधिसूचनेतच "ही योजना अमुक तारखेपासून अंमलात येईल" असे वाक्य असते. ती तारीख बहुधा मंजुरीनंतर काही आठवड्यांची असते. राजपत्रातल्या त्या अधिसूचनेची प्रत पालिकेच्या नगररचना विभागातून किंवा जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून मागून घ्या.

आता ज्या गोष्टीवर अनेकांचे वर्ष-दोन वर्ष वाया जाते ती पाहा. शासन पुष्कळदा योजना एका झटक्यात पूर्ण मंजूर करत नाही. काही भाग वगळला जातो आणि त्याची मंजुरी नंतर, वेगळ्या अधिसूचनेने येते. नकाशावर असे तुकडे "ईपी" म्हणून दाखवलेले असतात. तुमचा गट त्या वगळलेल्या भागात असेल, तर शहराच्या योजनेची तारीख तुमच्या कामाची नाही. तुमची दहा वर्षे वगळलेला भाग अंमलात आला त्या दिवसापासून मोजायची.

या टप्प्यावर तीन कागद हातात हवेत. पहिला म्हणजे भाग नकाशा, ज्यावर तुमचा गट किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचा क्रमांक स्पष्ट दिसतो. दुसरा झोन दाखला. तिसरी ती राजपत्रातली अधिसूचना.

तपासा: आरक्षणाखालचे क्षेत्र किती आहे? संपूर्ण गट आरक्षित आहे, असे मालक धरून चालतात. मोजणी करून नकाशावर मांडले की कधी अर्धाच भाग आरक्षित निघतो, आणि उरलेल्या भागावर परवानगी मिळायला मुळात अडचणच नसते.

## टप्पा 2: सुधारित योजना कुठवर आली आहे ते पाहा

साधारण वीस वर्षांनी विकास योजनेची फेररचना होते. दहा वर्षे पूर्ण झाली, तुम्ही नोटीस दिली नाही आणि मध्येच सुधारित योजना अंमलात आली, तर तुमच्या दहा वर्षांची मोजणी नव्या तारखेपासून पुन्हा सुरू होते. प्रफुल्ल दवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. नव्या नकाशावर तेच आरक्षण कायम असेल तर आणखी दहा वर्षे थांबावे लागते. उलट, सुधारित योजना येण्याआधीच तुमची नोटीस पालिकेत पोहोचलेली असेल, तर तुमच्या बाजूने भक्कम युक्तिवाद उरतो. आरक्षणमुक्तीचा कायद्याने दिलेला हक्क केवळ योजनेच्या फेररचनेने बुडत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाने भावनगर विद्यापीठ खटल्यात घेतलेली भूमिका तेथे कामी येते.

म्हणून दहा वर्षे झाली असतील तर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणू नका. आणि सुधारित प्रारूप योजना प्रसिद्ध झाली असेल, तर तिच्या जाहिरातीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवून ठेवा. हरकत आणि 127 ची नोटीस या स्वतंत्र गोष्टी आहेत. एक दिली म्हणून दुसरी सोडून चालत नाही.

## टप्पा 3: तुम्हाला नक्की काय हवे आहे ते ठरवा

येथे सवडीने बसा, घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना घेऊन बसा. कलम 126 नुसार आरक्षित जमीन घेण्याचे मार्ग तीन आहेत: वाटाघाटीने रक्कम देऊन, चटई क्षेत्र किंवा टीडीआर देऊन, आणि सक्तीच्या भूसंपादनाने. चौथी शक्यता म्हणजे यातले काहीच न होता आरक्षण व्यपगत होणे. नोटीस दिल्यावर या चारपैकी काहीही घडू शकते. पण तुम्ही टीडीआर घेतलात की जमीन संमतीने संपादित झाली, आणि आरक्षणमुक्तीचा रस्ता तेथेच संपला.

एक उदाहरण आकड्यांनी करून पाहू. ते कल्पित आहे, हिशेबाची रीत मात्र खरी. समजा, नगर परिषद हद्दीत तुमचे 40 आर, म्हणजे 4,000 चौरस मीटर क्रीडांगणासाठी आरक्षित आहेत. रेडी रेकनरचा दर चौरस मीटरला 3,000 रुपये.

*भूसंपादन झाले तर.* बाजारमूल्य 1 कोटी 20 लाख. 2013 च्या भूसंपादन कायद्याने त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, म्हणून शहरी हद्दीत एकूण 2 कोटी 40 लाख. बाजारमूल्यावर वर्षाला 12 टक्क्यांची वाढीव रक्कम याखेरीज वेगळी. रेडी रेकनर हीच शेवटची पायरी नाही, हे लक्षात ठेवा. आधीच्या तीन वर्षांत आसपासच्या तशाच जमिनींची जी खरेदीखते झाली, त्यांतल्या वरच्या अर्ध्या व्यवहारांची सरासरी जास्त निघाली तर तीच धरायची असते. म्हणून त्या खरेदीखतांच्या सूची-2 च्या प्रती आताच गोळा करून ठेवा.

*टीडीआर घेतला तर.* महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत विरळ भागात जमिनीच्या दुप्पट आणि दाट वस्तीच्या भागात तिप्पट टीडीआर मिळतो. मुंबईचे नियम वेगळे आहेत. विरळ भाग धरला तर 8,000 चौरस मीटरचे विकास हक्क प्रमाणपत्र. आकडा मोठा दिसतो आणि येथेच लोक फसतात, कारण तो टीडीआर महाग भागात वापरायचा झाला की दराच्या प्रमाणात आटतो. नियमावलीतले सूत्र असे:

```
X = (Rg / Rr) × Y
```

Y म्हणजे प्रमाणपत्रावरचे क्षेत्र, Rg तुमच्या जमिनीचा दर, Rr जेथे वापरायचे त्या भूखंडाचा दर आणि X प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र. दर टीडीआर निर्माण झालेल्या वर्षाचे धरायचे. वापरणारा भूखंड 12,000 रुपये दराच्या भागात असेल तर 8,000 × 3,000 ÷ 12,000, म्हणजे फक्त 2,000 चौरस मीटर. विकत घेणारा बिल्डर याच 2,000 मीटरचा भाव करणार. लहान शहरात तर गिऱ्हाईकच मिळत नाही, आणि प्रमाणपत्र वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते. टीडीआर वाईट असतो असे मी म्हणत नाही. पुण्या-ठाण्यासारख्या ठिकाणी तो रोख मोबदल्यापेक्षा लवकर पदरात पडतो. पण सही करण्याआधी हा भागाकार करा.

*आरक्षण व्यपगत झाले तर.* जमीन तुमचीच राहते आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तोच तुम्हाला मिळतो. शेजारचा पट्टा रहिवास विभागात असेल तर उत्तम. तो शेती विभागात असेल, तर एवढा खटाटोप करून हाती शेतीचाच वापर येईल. झोन दाखल्यात शेजारचे गटही विचारून घ्या.

## टप्पा 4: मालकीचे कागद नोटिशीआधी जुळवा

पूर्वी नुसती नोटीस चालून जाई. 2009 च्या दुरुस्तीनंतर मालकी किंवा हितसंबंध दाखवणारी कागदपत्रे नोटिशीसोबत जोडणे कायद्यातच लिहिले आहे. कागद न जोडलेली नोटीस म्हणजे पालिकेच्या वकिलाला आयता मुद्दा.

जोडायचे ते असे: चालू सातबारा आणि आठ-अ किंवा मालमत्ता पत्रक, मालकी ज्यातून आली ते खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारस फेरफार, मोजणी नकाशा, भाग नकाशा, झोन दाखला आणि योजना अंमलात आल्याची अधिसूचना. कुलमुखत्याराने सही केली असेल तर मुखत्यारपत्राची प्रत.

सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव आहे, असे फार वेळा निघते. वारस नोंद करून घेणे चांगलेच. पण सुधारित योजना तोंडावर आली असेल तर त्या नोंदीसाठी नोटीस अडवून ठेवू नका. कायदा "मालक किंवा हितसंबंधित व्यक्ती" असे म्हणतो. मृत्यू दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून सर्व वारसांच्या सहीने नोटीस द्या आणि फेरफार मागाहून पूर्ण करा. एका भावाने एकट्याने दिलेल्या नोटिशीवर वाद होतात, म्हणून सगळ्यांच्या सह्या.

सावधान: नोटीस देण्याआधी आणि नंतरही पालिकेने पुढे केलेल्या "संमतीपत्रा"वर वाचल्याशिवाय सही करू नका. बैठकीच्या हजेरीपटाच्या नावाखाली संमतीचा मजकूर आलेला मी स्वतः पाहिला आहे.

## टप्पा 5: नोटीस लिहा आणि पोहोचवा

नोटिशीत पाच गोष्टी स्वच्छ असल्या की पुरे: जमिनीचे वर्णन व आरक्षण क्रमांक, योजना अंमलात आल्याची तारीख, दहा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख, त्या काळात जमीन संमतीने संपादित झालेली नाही आणि राजपत्रात घोषणा प्रसिद्ध झालेली नाही हे विधान, आणि कलम 127 चा उल्लेख. मुख्य परिच्छेद असा ठेवा:

"वर वर्णन केलेली जमीन मंजूर विकास योजनेत आरक्षण क्रमांक __ ने __ या प्रयोजनासाठी आरक्षित आहे. सदर योजना दिनांक __ रोजी अंमलात आली. तेव्हापासून दहा वर्षांत जमीन संपादित झालेली नाही, तसेच कलम 126 खालील घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झालेली नाही. म्हणून महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127(1) अन्वये ही नोटीस मालकीच्या कागदपत्रांसह आपणावर बजावण्यात येत आहे. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत जमीन संपादित न झाल्यास अथवा त्यासाठी कायद्याने अपेक्षित कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण व्यपगत झाल्याचे मानले जाईल."

यात विनंती, कौटुंबिक अडचणी, "टीडीआर मिळाला तरी चालेल" अशी वाक्ये घालू नका. त्या शेवटच्या एका वाक्याने तुमची नोटीस टीडीआरचा अर्ज म्हणून वाचली जाऊ शकते.

नोटीस पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना किंवा महापालिका आयुक्तांना द्या. आरक्षण दुसऱ्या संस्थेसाठी असेल, उदाहरणार्थ बसस्थानक एसटी महामंडळासाठी, तर ती संस्था "समुचित प्राधिकरण" ठरते. तिलाही स्वतंत्र नोटीस द्या. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला प्रत जरूर पाठवा, पण फक्त तेथे देऊन थांबू नका.

एक प्रत आवक विभागात देऊन शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, दुसरी पोच मिळेल अशा नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पाठवा. चोवीस महिने नोटिशीवरच्या तारखेपासून मोजायचे नसतात. ती पोहोचली त्या दिवसापासून ते सुरू होतात.

आपल्या उदाहरणात योजना 15 एप्रिल 2014 रोजी अंमलात आली असे धरू. दहा वर्षे 14 एप्रिल 2024 ला संपली. 10 एप्रिलला दिलेली नोटीस अकाली, म्हणून निरुपयोगी ठरली असती. मालकाने आठवडाभर सोडून 24 एप्रिल 2024 ला आवक शिक्का घेतला. चोवीस महिने 23 एप्रिल 2026 ला पुरे होतात.

तपासा: जुन्या लेखांत सहा किंवा बारा महिन्यांची मुदत वाचायला मिळेल. 2009 मध्ये सहाचे बारा झाले आणि 2015 मध्ये बाराचे चोवीस. आज देणाऱ्या नोटिशीला चोवीस लागू.

## टप्पा 6: चोवीस महिन्यांत येणाऱ्या पत्रांना उत्तर द्या

पालिका या काळात गप्प बसेल असे नाही. साधारणपणे तीन प्रकारची पत्रे येतात.

"कागदपत्रे अपुरी आहेत." आठ दिवसांत पूर्तता करा आणि त्याच पत्रात लिहा की मूळ नोटीस कागदपत्रांसह अमुक दिवशी पोहोचलेली आहे आणि ही पूर्तता तिला पूरक आहे. नवी नोटीस देऊ नका. दिलीत तर मुदत नव्याने सुरू झाल्याचा दावा होईल.

"निधी नाही, टीडीआर घ्यावा." नको असेल तर लेखी नकार द्या. टीडीआरसाठी मालकाची संमती लागते, आणि पालिकेने नुसता देऊ केला म्हणून जमीन संपादित होत नाही. येथे मौन धरू नका. उत्तराची प्रत नंतर न्यायालयात लागते.

"सर्वसाधारण सभेने संपादनाचा ठराव केला असून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे." हे पत्र आले की मालक हातपाय गाळतात. पण ठराव, पत्रव्यवहार किंवा संयुक्त मोजणी म्हणजे कायद्याला हवी असलेली "कार्यवाही" नव्हे. गिरनार ट्रेडर्स खटल्यात 2007 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये श्रीरामपूर नगर परिषदेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. खरा निकष म्हणजे भूसंपादनाची घोषणा मुदतीत राजपत्रात प्रसिद्ध झाली की नाही. पूर्वी ती 1894 च्या कायद्याच्या कलम 6 खाली होई, आता 2013 च्या कायद्याच्या कलम 19 खाली होते. पालिकेने रक्कम जमा केल्याशिवाय ही फाईल सहसा पुढे सरकत नाही, म्हणून रक्कम जमा झाली का, हे माहिती अधिकारात अधूनमधून विचारत राहा.

घोषणा मुदतीत निघालीच तर आरक्षणमुक्ती विसरा आणि मोबदल्याकडे वळा. टप्पा 3 मध्ये जमवलेल्या सूची-2 च्या प्रती भूसंपादन अधिकाऱ्यापुढे ठेवा. रक्कम स्वीकारताना "हक्क राखून, निषेधासह" असे लिहा, म्हणजे वाढीव मोबदल्याचा दावा शिल्लक राहतो.

## टप्पा 7: मुदत संपली, आता राजपत्र

चोवीस महिने संपल्यावर आरक्षण कायद्यानेच व्यपगत झालेले असते. तरीही पालिकेचा नगररचना विभाग राजपत्रातल्या आदेशाशिवाय बांधकामाची फाईल हातात घेत नाही, हे वास्तव आहे. त्यासाठी कलम 127(2) आहे. आरक्षण व्यपगत झाल्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करणे हे शासनाचे काम आहे.

आधी माहिती अधिकारात पालिका आणि भूसंपादन कार्यालय या दोन्हींकडे एकच प्रश्न विचारा: या गटाबाबत अमुक ते अमुक तारखेदरम्यान कलम 19 ची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली आहे काय? "नाही" असे उत्तर मिळाले की ते, नोटीस, आवक शिक्का आणि सगळी पत्रे जोडून पालिकेकडे अर्ज करा, त्याची प्रत नगर विकास विभागाला. मग उत्तरासाठी वाजवी काळ थांबा.

काही हालचाल झाली नाही तर उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. मागण्या दोन ठेवा: आरक्षण व्यपगत झाल्याचे जाहीर करावे, आणि 127(2) चा आदेश ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे निर्देश द्यावेत. कागद आणि नोटीस टप्पा 4 व 5 प्रमाणे जुळलेली असतील तर अशा याचिकेत वादाचे मुद्दे फार उरत नाहीत.

सावधान: आदेश निघण्याआधी "आरक्षण उठवून देतो, अर्धी रक्कम आधी" म्हणणाऱ्या मध्यस्थाशी साठेखत करू नका. 127 खाली आरक्षण कोणी "उठवत" नाही. तारखा आणि घोषणा नसणे, एवढ्यावरच ते पडते.

## दहा वर्षे व्हायची असतील तर

मग 127 चा मार्ग अजून बंद आहे, पण कलम 49 ची खरेदी सूचना पाहता येते. परवानगी नाकारल्यामुळे जमिनीचा वाजवी उपयोगच उरलेला नाही, किंवा आरक्षणामुळे ती योग्य किमतीला विकता येत नाही, अशी कारणे दाखवून ही सूचना थेट राज्य शासनावर बजावली जाते. शासनाने सहा महिन्यांत आदेश केला नाही तर ती कायम झाल्याचे मानतात. कायम झाल्यावर एक वर्षात संपादनासाठी अर्ज झाला नाही तर आरक्षण व्यपगत होते. शासन ती फेटाळूही शकते, आणि येथे कारणे पुराव्यानिशी दाखवावी लागत असल्याने हा मार्ग 127 पेक्षा कठीण आहे. बांधकाम परवानगीचा रीतसर अर्ज आणि त्याच्या नकाराचे लेखी पत्र हाती नसेल तर पहिल्या कारणाचा उपयोग होत नाही. तेव्हा आधी तो अर्ज करा. सूचना फेटाळली गेली तरी दहा वर्षे पुरी झाल्यावर 127 ची नोटीस देता येते.

## आदेश हाती आल्यावर

राजपत्राची प्रत मिळाली की त्याच आठवड्यात पालिकेकडे नवा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. जुन्या नकाशावर आरक्षणाचा रंग तसाच असतो, आणि पुढचा अभियंता तोच पाहून फाईल परत पाठवतो. बांधकामाचा किंवा रेखांकनाचा अर्जही लांबवू नका. सुधारित योजनेत तीच जागा पुन्हा दाखवली जाऊ शकते, आणि परवानगी मिळून काम सुरू झालेल्या जमिनीवर पुन्हा रंग चढवणे पालिकेला अवघड जाते.